पहिल्याच फेरीत पहिला मानांकित समोर का येतो?

२७ मे २०२४ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच ओपनच्या पहिल्या फेरीत रफाएल नदाल आणि अलेक्झांडर झ्वेरेव समोरासमोर उभे राहिले. नदालने ही स्पर्धा चौदा वेळा जिंकलेली होती. झ्वेरेव चौथा मानांकित होता, नुकतीच रोमची स्पर्धा जिंकून आलेला. एखाद्या अंतिम सामन्यात शोभावी अशी ही जोडी पहिल्या फेरीतच जुळली आणि झ्वेरेवने ती लढत ६-३, ७-६, ६-३ अशी जिंकली. त्या मैदानावर नदाल पहिल्या फेरीत यापूर्वी कधीच हरला नव्हता.

ड्रॉ जाहीर झाला तेव्हा अनेकांना हा अन्याय वाटला. पण त्यात नियमाबाहेरचं काही घडलं नव्हतं. दुखापतींमुळे दीड वर्षात नदाल मोजकेच सामने खेळला होता आणि जागतिक क्रमवारीत पावणेतीनशेच्या आसपास घसरला होता. दीर्घ दुखापतीनंतर परतणाऱ्या खेळाडूला जुन्या, संरक्षित क्रमांकावर स्पर्धेत प्रवेश मिळतो. मानांकन मात्र त्या क्रमांकावर मिळत नाही. त्यामुळे चौदा वेळचा विजेता त्या दिवशी ड्रॉच्या दृष्टीने बिगरमानांकित होता, आणि बिगरमानांकित खेळाडूची जागा चिठ्ठीने ठरते.

जिल्हा बॅडमिंटन स्पर्धेत बारा-तेरा वर्षांची मुलगी दुसऱ्याच फेरीत पहिल्या मानांकित खेळाडूकडून हरते आणि तिचे पालक पंचांच्या टेबलाशी येऊन विचारतात, “हिच्याच वाट्याला नेमकी तीच का?” तेव्हा त्यांचा प्रश्न पॅरिसच्या प्रश्नाहून वेगळा नसतो. उत्तर द्यायचं तर मानांकन आणि बाय या दोन गोष्टी ड्रॉमध्ये नेमकं काय करतात ते पाहावं लागतं.

मानांकन नसेल तर काय होतं, याचं सर्वांत नेमकं गणित एका गणितज्ञानेच मांडून ठेवलं आहे. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ लिहिणारे लुईस कॅरल, म्हणजे ऑक्सफर्डचे गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन, यांनी १८८३ साली लॉन टेनिस स्पर्धांमध्ये बक्षिसं कशी चुकीच्या माणसांना जातात यावर एक पुस्तिका लिहिली. बत्तीस खेळाडूंचा ड्रॉ निव्वळ चिठ्ठ्यांनी काढला असं धरू. सर्वांत चांगला खेळाडू कुठेही पडला तरी तो जिंकणारच. दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू उरलेल्या ३१ जागांपैकी कुठल्याही एका जागी पडू शकतो. त्यातल्या १६ जागा ड्रॉच्या पलीकडच्या अर्ध्यात आहेत. तिथे पडला तरच तो अंतिम फेरी गाठेल. उरलेल्या १५ जागांपैकी एखादी वाट्याला आली तर पहिल्या क्रमांकाचा खेळाडू त्याला वाटेतच गाठतो. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला उपविजेतेपद मिळण्याची शक्यता जेमतेम निम्मी, ३१ पैकी १६. जवळजवळ निम्म्या वेळा उपविजेत्याचा करंडक त्याच्याहून कमी दर्जाच्या खेळाडूच्या हाती जाणार.

यावरचा उपाय म्हणजे मानांकन. दोन सर्वोत्तम खेळाडूंना ड्रॉच्या दोन टोकांना ठेवायचं, पुढच्या दोघांना उरलेल्या दोन चतुर्थांशांत, आणि असंच पुढे. विम्बल्डनमध्ये गुणवत्तेनुसार पूर्ण मानांकन १९२७ साली सुरू झालं.

हे मानांकन कुणासाठी आहे, हे एकदा नीट समजलं की बरेचसे गैरसमज गळून पडतात. मानांकन तगड्या खेळाडूंना एकमेकांपासून लांब ठेवतं. ते बिगरमानांकिताला तगड्या खेळाडूपासून वाचवण्यासाठी नसतं. उलट, मानांकितांनी सुरुवातीला एकमेकांशी खेळायचं नाही असं ठरलं की त्यांना सुरुवातीचे प्रतिस्पर्धी बिगरमानांकितांमधूनच द्यावे लागतात.

ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जागा असतात आणि आता ३२ मानांकित. (२००१च्या विम्बल्डनपर्यंत ते सोळाच असत.) पहिला मानांकित पहिल्या ओळीवर, दुसरा १२८व्या ओळीवर. तिसरा आणि चौथा यांच्यासाठी चिठ्ठी टाकतात आणि ते उरलेल्या दोन चतुर्थांशांच्या मुख्य जागांवर जातात. पाच ते आठ क्रमांकाच्या खेळाडूंसाठीही चिठ्ठी. कागद चार-चार ओळींच्या ३२ गटांत विभागला, तर प्रत्येक गटात बरोबर एक मानांकित आणि तीन बिगरमानांकित दिसतात.

या रचनेतून खेळाडूंनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट निघते. प्रत्येक बिगरमानांकित खेळाडूच्या चौकडीत एक मानांकित बसलेला असतोच. ९६ बिगरमानांकितांपैकी ३२ जणांना तो पहिल्या फेरीत भेटतो, म्हणजे तिघांत एकाला. उरलेल्यांपैकी जो पहिला सामना जिंकतो, त्याला दुसऱ्या फेरीत एकतर तो मानांकित भेटतो किंवा त्याला हरवून आलेला कुणीतरी. तिसऱ्या फेरीत पोहोचण्याची याखेरीज दुसरी वाट नाही. चिठ्ठी ठरवते ते इतकंच की चौकडीतला मानांकित पहिला आहे की एकतिसावा, आणि तो आज भेटणार की परवा.

सुमित नागलच्या कारकिर्दीत हे तिन्ही प्रकार सापडतात. २०१९च्या यूएस ओपनमध्ये तो पात्रता फेरीतून वर आला आणि पहिल्याच सामन्यात समोर तिसरा मानांकित रॉजर फेडरर. नागलने पहिला सेट ६-४ जिंकला, पुढचे तीन गमावले. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत त्याची गाठ पहिल्या फेरीत अमेरिकेच्या बिगरमानांकित ब्रॅडली क्लानशी पडली. नागल जिंकला; पण चौकडीतला मानांकित होता दुसऱ्या क्रमांकाचा डॉमिनिक थीम, जो पुढे ती स्पर्धाच जिंकला. नागलची वाट दुसऱ्या फेरीत संपली. २०२४च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मात्र चिठ्ठीने त्याला ३१वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिक दिला. नागलने त्याला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. १९८९ साली रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला हरवलं होतं, त्यानंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकिताला हरवणारा तो पहिला भारतीय. पुढच्या फेरीत त्याच्यासमोर एक बिगरमानांकित चिनी तरुण होता, कारण मानांकिताला हरवणाऱ्याला त्याची पुढची वाटही मिळते. नागल तो सामना हरला, ही गोष्ट निराळी.

मानांकितांनाही चिठ्ठीचा फटका बसतोच. २०१५च्या फ्रेंच ओपनमध्ये नदाल सहावा मानांकित होता. पाच ते आठ क्रमांकाच्या खेळाडूंना उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या चारांपैकी एकजण मिळतो. कोण, ते चिठ्ठी ठरवते. नदालला मिळाला पहिला मानांकित नोवाक जोकोविच. गतविजेत्याचा प्रवास उपांत्यपूर्व फेरीत थांबला आणि ‘ड्रॉ वाईट’ अशी चर्चा झाली. प्रत्यक्षात सहाव्या मानांकिताला जितकं संरक्षण मिळायला हवं होतं, तितकं त्याला मिळालेलं होतं.

आता बायकडे वळू. बाद पद्धतीत प्रत्येक फेरीत खेळाडू निम्मे होतात. म्हणून शेवटी दोनच उरायचे असतील तर मागच्या फेऱ्यांत ४, ८, १६, ३२, ६४ अशीच संख्या हवी. प्रवेशिका अशा नेमक्या संख्येत येत नाहीत, आणि तो फरक कुठेतरी भरून काढावाच लागतो.

कुठे भरून काढायचा, हे सुरुवातीला कुणाला उमगलं नव्हतं. १८७७च्या पहिल्या विम्बल्डनला २२ खेळाडू होते. त्यांचे ११ झाले, मग एकाला बाय देऊन ६, मग ३. उपांत्य फेरीत तिघेच उरले. तेव्हा विल्यम मार्शलला बाय मिळाला आणि तो न खेळताच अंतिम फेरीत गेला. स्पेन्सर गोरने उपांत्य सामना खेळून, जिंकून मार्शललाही हरवलं, म्हणून निकालावर डाग पडला नाही. पण उपांत्य फेरीत फुकट पुढे जाणं किती विचित्र आहे हे सगळ्यांनी पाहिलं, आणि काही वर्षांतच सगळे बाय पहिल्या फेरीतच संपवायचे ही पद्धत रूढ झाली. ती आजही तशीच आहे.

हिशेब सोपा आहे. प्रवेशिकांच्या पुढची दुपटीची संख्या घ्यायची आणि त्यातून प्रवेशिका वजा करायच्या. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात होणाऱ्या महाराष्ट्र ओपनमध्ये एकेरीचा ड्रॉ २८ जणांचा असे. बत्तिसातून २८ गेले, चार बाय. ते पहिल्या चार मानांकितांना. अमेरिकेतल्या इंडियन वेल्सच्या स्पर्धेत ९६ खेळाडू आणि ३२ बाय असतात, म्हणजे सगळेच मानांकित पहिली फेरी न खेळता दुसरीत जातात. तिथे पहिली फेरी जिंकणाऱ्या प्रत्येक खेळाडूला पुढच्या सामन्यात मानांकितच भेटतो. अपवाद फक्त एखाद्या मानांकिताने माघार घेतली तर.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मात्र बायची संख्या मानांकितांपेक्षा बरीच जास्त असते आणि खरा गोंधळ तिथेच होतो. म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. पंधरा वर्षांखालील मुलींच्या एकेरीत २१ प्रवेशिका आल्या आणि चौघींना मानांकन दिलं. ड्रॉ ३२चा, बाय ११. म्हणजे पहिल्या फेरीत फक्त दहाजणी खेळणार, पाच सामने होणार. पाच विजेत्या आणि बाय मिळालेल्या अकराजणी मिळून दुसऱ्या फेरीत सोळा. आकडे जुळले.

पहिले चार बाय चार मानांकितांना. उरलेले सात बिगरमानांकितांच्या वाट्याला जातात. पण ‘यांना द्या, त्यांना द्या’ असं ते वाटायचे नसतात. बायच्या जागा कागदावर आधीच ठरलेल्या असतात, दोन्ही अर्ध्यांत शक्य तितक्या समान. त्यानंतर १७ बिगरमानांकित मुलींच्या चिठ्ठ्या उरलेल्या ओळींवर पडतात. जिची चिठ्ठी बायच्या शेजारच्या ओळीवर पडली तिला बाय.

पहिला चतुर्थांश, म्हणजे एक ते आठ ओळी, डोळ्यांसमोर आणा. पहिल्या ओळीवर पहिली मानांकित, दुसरीवर बाय. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीवरच्या मुली पहिल्या फेरीत एकमेकींशी खेळतील. पाचव्या ओळीवरच्या मुलीसमोर सहाव्या ओळीत बाय, आठव्या ओळीवरचीसमोर सातव्या ओळीत बाय. बायच्या जागा भरण्याच्या रूढ क्रमाने गेलं तर २१ प्रवेशिकांच्या ड्रॉचा हा भाग असाच दिसतो.

आता दोघींच्या वाटा पाहा. तिसऱ्या ओळीवरची मुलगी सकाळी आठला कोर्टवर उतरते, चौथ्या ओळीवरचीला हरवते आणि दुसऱ्या फेरीत ताज्या दमाच्या पहिल्या मानांकितशी खेळून हरते. पाचव्या ओळीवरची मुलगी पहिली फेरी खेळतच नाही. दुसऱ्या फेरीत ती आठव्या ओळीवरचीला हरवते आणि उपांत्यपूर्व फेरीत त्याच पहिल्या मानांकितकडून हरते. दोघींनी एकेक सामना जिंकला. दोघी एकाच मुलीकडून हरल्या. पण प्रमाणपत्रावर एकीसमोर ‘दुसरी फेरी’ लिहिलं जातं आणि दुसरीसमोर ‘उपांत्यपूर्व फेरी’. क्रमवारीचे गुण फेरीनुसार दिले जात असतील तर तिथेही फरक पडतो.

याच ड्रॉमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या फेरीच्या पाच सामन्यांपैकी चार सामने चार मानांकितांच्या शेजारी आहेत. म्हणजे पहिली फेरी खेळणाऱ्या दहाजणींपैकी आठजणींना एक विजय मिळवला की लगेच मानांकित भेटणार. ज्या सहाजणींना बायसमोर बाय अशी जागा मिळाली, त्या दुसऱ्या फेरीत आपापसांतच खेळणार. मानांकितशी गाठ कधी पडेल हे ज्यावर अवलंबून होतं ती चिठ्ठी होती, आणि १७ मुलींच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात होत्या. म्हणून पालकांनी आणि प्रशिक्षकांनी ‘कितव्या फेरीत हरली’ यापेक्षा ‘कुणाकुणाला हरवलं आणि कुणाकडून हरली’ हे लिहून ठेवलं तर वर्षाअखेरीला मुलीच्या खेळाचं खरं चित्र हाती येतं. क्लबच्या निवडीतही हाच निकष लावायला हवा. फेरीच्या नावावर संघ निवडणं मुलांवर अन्याय करणारं आहे.

व्यावसायिक टेनिसने या विसंगतीची थोडीफार दखल घेतली आहे. पुरुषांच्या एटीपी स्पर्धांत बाय मिळालेला खेळाडू आपला पहिलाच सामना हरला, तर त्याला दुसऱ्या फेरीचे गुण मिळत नाहीत. पहिल्या फेरीत हरणाऱ्याइतकेच गुण त्याच्या खात्यात जमा होतात. बाय म्हणजे विजय नव्हे, एवढं तिथे गुणांतून स्पष्ट होतं.

बाय जागेला चिकटलेला असतो हे २०२४च्या इंडियन वेल्सने फार स्पष्ट दाखवलं. इटलीचा लुका नार्डी पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरला होता. तेवढ्यात ३०व्या मानांकिताने माघार घेतली. त्याच्या जागी ‘लकी लूजर’ म्हणून नार्डीला घेतलं आणि त्या जागेसोबत असलेला बायही त्याला मिळाला. जागतिक क्रमवारीत १२३व्या क्रमांकावरचा, पात्रतेत हरलेला खेळाडू मानांकितांच्या रांगेतून दुसऱ्या फेरीपासून खेळू लागला. तिथे एक सामना जिंकून तिसऱ्या फेरीत त्याच्यापुढे आला पहिला मानांकित जोकोविच. नार्डीने त्याला ६-४, ३-६, ६-३ असं हरवलं. मानांकिताने माघार घेतली की पूर्ण ड्रॉ नव्याने काढत नाहीत. ती जागा भरली जाते आणि त्या भागातल्या बाकीच्यांचं नशीब एकाएकी बदलतं.

चिठ्ठीने झालेली अडचण आणि चुकीने झालेली अडचण यांत फरक करता यायला हवा. छोट्या स्पर्धांत चुका होतात आणि त्या कागदावर ओळखू येतात. सर्वांत आधी प्रवेशिका मोजाव्यात आणि बायची संख्या हिशेबाशी जुळते का पाहावं. बाय कमी-जास्त निघाले तर उशिरा आलेली एखादी प्रवेशिका नंतर घुसवलेली असण्याची शक्यता असते. मग पहिला मानांकित सर्वांत वर आणि दुसरा सर्वांत खाली आहे ना, तिसरा-चौथा वेगवेगळ्या अर्ध्यांत आहेत ना, हे पाहावं. बाय कागदाच्या एकाच बाजूला गोळा झाले असतील तर ते चूक आहे. वरच्या आणि खालच्या अर्ध्यातल्या बायमध्ये एकापेक्षा जास्त फरक नसावा. वरच्या उदाहरणात ते पाच आणि सहा होते. एखाद्या मानांकिताला बाय नाही आणि बिगरमानांकिताला आहे, असं दिसलं तर कारण विचारलंच पाहिजे.

कागदावर न दिसणारी चूक मानांकनाच्या यादीत असते. गेल्या वर्षीच्या वयोगटातली यादी यंदा तशीच वापरली, तर वरच्या गटात गेलेल्या मुलींची नावं गळतात आणि उरलेल्यांना आपोआप बढती मिळते. मोठ्या आजारपणानंतर किंवा परीक्षेमुळे वर्षभर न खेळलेली चांगली खेळाडू यादीत नसते. ती बिगरमानांकित म्हणून कुठेही पडू शकते, आणि तिच्या शेजारी पडलेल्या मुलीला नदाल-झ्वेरेव सामन्याची छोटी आवृत्ती पहिल्याच फेरीत खेळावी लागते. यावर चांगले आयोजक दोन गोष्टी करतात. मानांकन कोणत्या तारखेच्या, कोणत्या संघटनेच्या क्रमवारीवरून दिलं ते ते आधी जाहीर करतात, आणि चिठ्ठ्या प्रशिक्षक-पालकांसमोर काढतात. ज्यांना मुलींना किमान दोन सामने मिळावेत असं मनापासून वाटतं, ते पहिला सामना हरलेल्यांसाठी वेगळी स्पर्धा ठेवतात किंवा सुरुवातीला गट पाडून साखळी सामने खेळवतात. त्याला जास्त कोर्ट आणि जास्त वेळ लागतो, म्हणून रविवारी संध्याकाळी हॉल रिकामा करून द्यायचा असलेल्या आयोजकांना ते सहसा परवडत नाही.

आक्षेप घ्यायचाच असेल तर तो ड्रॉ लागल्या लागल्या, मुख्य पंचांकडे लेखी घ्यावा. त्यात ओळ क्रमांक, बायची मोजणी आणि कोणत्या क्रमवारीनुसार कोण कुठे असायला हवं होतं हे लिहावं. ‘आमच्या मुलीला कठीण ड्रॉ आला’ एवढ्यावर कुणी ड्रॉ बदलणार नाही आणि बदलूही नये. ‘दुसऱ्या मानांकितला बाय नाही आणि १४व्या ओळीवरच्या बिगरमानांकितला आहे’ असं लिहून दिलं, तर पहिला सामना सुरू होण्याआधी ते दुरुस्त करता येतं. एकदा शटल उडालं की मात्र त्या कागदावरच स्पर्धा संपवावी लागते.